चॅनेलची वहिवाट

15 फेब्रुवारी 2022 रोजी मध्यरात्रीनंतर एकच्या सुमारास संसद टीव्हीच्या यूट्यूब चॅनेलचे नाव बदलून ‘इथेरियम’ झाले आणि त्यावर भलतेच थेट प्रक्षेपण सुरू झाले. आपल्या लोकांनी पहाटे पावणेचारच्या सुमारास चॅनेल परत मिळवले, असे संसद टीव्हीने नंतर कळवले. तरीही त्या सकाळी चॅनेलचे पान उघडणाऱ्यांना तिथे नियमभंगामुळे हे खाते बंद केल्याची सूचना दिसत होती. 20 सप्टेंबर 2024 रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या चॅनेलवर घाला पडला; त्याचे नाव ‘रिपल’ झाले आणि सुनावण्यांच्या जागी आभासी चलनाचा प्रचार दिसू लागला. त्यानंतर आठवडाही उलटला नव्हता, तोच मुंबईच्या रणवीर अलाहबादिया यांच्या दोन मोठ्या चॅनेलांची नावे ‘टेस्ला’शी जोडलेली झाली आणि जुने व्हिडिओ दिसेनासे झाले. संसद, न्यायालय आणि लाखो प्रेक्षकांचा एक निर्माता या तिघांमध्ये एरवी काही सारखे नाही. घटना मात्र एकाच साच्यातल्या आहेत: नाव बदलायचे, जुने व्हिडिओ दडवायचे, प्रसिद्ध माणसाच्या जुन्या किंवा बनावट चित्रफितीवर पैसे दुप्पट करण्याचे आमिष लावायचे. तेवढ्यात यूट्यूबची यंत्रणा जागी झाली, तर फसवणुकीच्या आरोपाखाली चॅनेलच बंद करते. म्हणजे चोरी एकाची आणि शिक्षा मालकाला, असे एकाच रात्रीत घडते.

राजापूरसारख्या तालुक्याच्या गावी हा प्रश्न वेगळ्या अंगाने भिडतो. शिमग्याच्या पालख्या, नमन, जाखडी, गंगेचे आगमन, अर्जुना आणि कोदवलीच्या पुरात बुडालेला जवाहर चौक, बारसूच्या सड्यावरची कातळशिल्पे यांचे चित्रण आज मंडळांच्या आणि हौशी चित्रणकारांच्या चॅनेलांवर साठलेले आहे. त्यातल्या पुष्कळ व्हिडिओंची मूळ फाइल कुठल्यातरी मोडलेल्या हार्डडिस्कवर गेलेली असते. चॅनेल गेले की उत्पन्न तर जातेच, शिवाय दुसरीकडे कुठेही नसलेली नोंद जाते. आणि चॅनेल गेल्यावर पहिला प्रश्न उभा राहतो: ते आपले होते, हे सिद्ध कसे करायचे?

माझे म्हणणे असे आहे की, या प्रश्नाकडे आपण जमिनीच्या कागदासारखे पाहतो आणि तिथेच चुकतो. कोकणात जमिनीच्या वादात सातबाऱ्यावरचे नाव एक असते आणि प्रत्यक्ष वहिवाट दुसरी असू शकते. चॅनेलच्या बाबतीत सातबारा जवळजवळ नाहीच. गूगल पाहते ती वहिवाट. कुठल्या फोनवरून हे खाते रोज उघडले जात होते, कुठल्या गावातून, कुठल्या जोडणीवरून, आधीचा पासवर्ड काय होता, पूर्वी नोंदवलेला मोबाइल क्रमांक कोणाच्या हातात आहे, यांवरून ती यंत्रणा मालक ठरवते. खाते परत मिळवण्याच्या नेहमीच्या प्रक्रियेत आधार कार्ड, मंडळाचे नोंदणीपत्र किंवा ग्रामपंचायतीचा दाखला जोडण्याची जागाच नसते. म्हणून पहिल्या काही तासांतले खरे काम ही वहिवाट शाबूत ठेवणे आणि ती योग्य क्रमाने दाखवणे हे आहे. बहुतेक माणसे गडबडीत नेमके उलटे करतात: तो पुरावा स्वतःच्या हाताने पुसून टाकतात.

चोर आत येतो कसा

क्रम का महत्त्वाचा, हे कळण्यासाठी चोरीची पद्धत समजली पाहिजे. ‘टू-स्टेप सुरू होते, मग खाते गेलेच कसे?’ हा प्रश्न जवळजवळ प्रत्येक पीडित विचारतो. उत्तर असे की, चोराने कुलूप उघडलेलेच नसते. आपण संगणकावर एकदा लॉगिन केले की, ब्राउझर एक खूणपत्र जपून ठेवतो. त्याला कुकी म्हणतात. पुढच्या वेळी पासवर्ड विचारला जात नाही, तो या कुकीमुळे. ही कुकी उचलून दुसऱ्या संगणकावर लावली की तिथेही खाते उघडेच सापडते. पासवर्ड लागत नाही, ओटीपी येत नाही. ऑक्टोबर 2021 मध्ये गूगलच्या धोका-विश्लेषण गटाने यावर सविस्तर लेख प्रसिद्ध केला. त्यात म्हटले होते की, यूट्यूब निर्मात्यांना जाहिरातीच्या खोट्या प्रस्तावाचे मेल पाठवून हे केले जाते. अँटीव्हायरस, व्हीपीएन, फोटो संपादन किंवा एखादा खेळ ‘तपासून पाहा आणि त्यावर व्हिडिओ करा’ असा प्रस्ताव असतो. चोरलेली चॅनेले 3 डॉलरपासून 4,000 डॉलरपर्यंत विकली जात, अशीही नोंद त्यात आहे. लहान चॅनेलही चोराच्या दृष्टीने माल आहे, हे या आकड्यांवरून उघड होते.

याचा सर्वांत उघडपणे सांगितला गेलेला दाखला कॅनडातल्या ‘लायनस टेक टिप्स’ या चॅनेलचा आहे. मार्च 2023 मध्ये त्यांच्या एका सहकाऱ्याने प्रायोजकत्वाच्या मेलसोबत आलेली, पीडीएफसारखी दिसणारी फाइल उघडली. ती प्रत्यक्षात प्रोग्राम होती आणि तिने ब्राउझरमधली सगळी माहिती कुकींसकट उचलून पाठवून दिली. चॅनेलच्या प्रमुखांनी पुढे सांगितले की, सुरुवातीला ते थेट प्रक्षेपण बंद करत होते आणि त्याची किल्ली बदलत होते, तरी चोर पुन्हा पुन्हा परत येत होता. कारण मूळ प्रवेश तोडलाच गेला नव्हता. तंत्रज्ञानावरच चॅनेल चालवणाऱ्या माणसांची ही गत झाली. त्यातून निघणारा धडा नेमका आहे: दिसणारे नुकसान आवरण्याआधी चोराचा रस्ता बंद झाला पाहिजे.

अशी फाइल ओळखण्याच्या काही खुणा आहेत. ती बहुधा झिप असते आणि तिचा पासवर्ड मेलमध्येच दिलेला असतो, कारण पासवर्ड असलेल्या झिपच्या आत मेलची तपासणी यंत्रणा पाहू शकत नाही. आतल्या फाइलचे चिन्ह पीडीएफचे असते, पण शेवटचा भाग `.scr` किंवा `.exe` असतो. विंडोज तो भाग सहसा लपवून ठेवते. पुष्कळदा फाइल विनाकारण शेकडो एमबीची फुगवलेली असते, म्हणजे अँटीव्हायरस ती तपासणे टाळतो. करारनामा म्हणून आलेली चार पानांची पीडीएफ 700 एमबीची असूच शकत नाही, एवढे ध्यानात ठेवले तरी पुष्कळ भागते. मेल खऱ्या पत्त्यावरून आला, म्हणजे तो खरा, असेही मानू नये. 2025 मध्ये चोरांनी यूट्यूबच्याच खाजगी व्हिडिओ पाठवण्याच्या सोयीतून बनावट सूचना पाठवल्या होत्या आणि यूट्यूबला त्याबद्दल जाहीर इशारा द्यावा लागला होता.

पहिले तास: राजापूरचे एक उदाहरण

आता एक कल्पित, पण सर्वत्र घडू शकेल असे उदाहरण पायरी-पायरीने पाहू. राजापूर तालुक्यातल्या एका नमन मंडळाचे चॅनेल आहे. चित्रण आणि संपादन गावातला एक तरुण करतो. खाते त्याच्या फोनवर आणि त्याच्या संगणकावर, दोन्हीकडे उघडे असते. मुंबईकर मंडळाचा एक कार्यकर्ता डोंबिवलीतून हिशेब पाहतो. रात्री साडेनऊला तरुणाने जाहिरातीच्या प्रस्तावाची फाइल संगणकावर उघडली, काही झाले नाही म्हणून बंद केली. रात्री दोन वाजता चॅनेलचे नाव बदलले. पहाटे कुणाचातरी फोन आला.

पहिली गोष्ट, संगणकाचे इंटरनेट तोडायचे. वायफाय बंद, केबल बाहेर. तो फॉरमॅट करण्याची घाई करू नये. पोलिसांना दाखवण्याचा पुरावा त्यातच आहे. पण त्यावरून पासवर्ड बदलायचा नाही, कारण नवा पासवर्डही त्याच वाटेने जाईल. दुसरी गोष्ट, फोनला जपायचे. ज्या फोनवर खाते महिनोन्महिने उघडे आहे, तो फोन या घडीला मंडळाचा सर्वांत मोठा पुरावा आहे. घाबरून त्यातून खाते काढून टाकणे, फोन रिसेट करणे किंवा सिम दुसऱ्या फोनमध्ये घालणे म्हणजे वहिवाटीची खूण पुसणे. तिसरी गोष्ट, डोंबिवलीच्या कार्यकर्त्याने आपल्या नव्या लॅपटॉपवरून प्रयत्न सुरू करू नयेत. गूगल स्वतःच सांगते की, नेहमीच्या उपकरणावरून आणि नेहमीच्या ठिकाणाहून प्रयत्न केल्यास यश येण्याची शक्यता वाढते. चॅनेल राजापुरातून चालत असेल, तर ते राजापुरातून, त्याच फोनवरून, शक्यतो त्याच घरातल्या वायफायवरून परत मागावे. मुंबईचा माणूस तंत्रात कितीही जाणकार असला, तरी यंत्रणेच्या दृष्टीने तो परका आहे; चोरही तिला तसाच परका दिसतो.

फोनवर खाते अजून उघडत असेल, तर गूगल खात्याच्या ‘सुरक्षा’ भागात जाऊन क्रम असा ठेवावा. आधी उपकरणांची यादी उघडून अनोळखी उपकरणे आणि तो बाधित संगणक, दोन्ही साइन आउट करावे. नुसता पासवर्ड बदलून थांबू नये. 2023 च्या अखेरीस क्लाउडसेक या भारतीय सुरक्षा कंपनीने दाखवून दिले होते की, काही चोर-प्रोग्राम पासवर्ड बदलल्यानंतरही कुकी पुन्हा जिवंत करू शकतात. त्यावर गूगलचे उत्तर होते की, त्या उपकरणाचे सत्र साइन आउट केले की हा मार्ग बंद होतो. त्यानंतर पासवर्ड बदलावा. मग चोराने मागे काय सोडले, ते शोधावे: नवा रिकव्हरी क्रमांक, नवी पासकी, बदललेली टू-स्टेपची सोय. जुने बॅकअप कोड रद्द करून नवे घ्यावेत. जीमेलच्या सेटिंगमध्ये फिल्टर आणि फॉरवर्डिंग आवर्जून पाहावे. यूट्यूबकडून येणारे मेल थेट कचऱ्यात टाकणारा एखादा फिल्टर चोर लावून ठेवतो आणि मालकाला सूचना मिळतच नाहीत.

फोनवरही खाते उघडत नसेल, तर `g.co/recover` या पानावरून सुरुवात करावी. इथे एक गोष्ट फार कमी लोकांना ठाऊक असते. चोराने रिकव्हरीचा मोबाइल क्रमांक किंवा मेल बदलला, तरी बदलानंतर 7 दिवसांपर्यंत गूगल जुन्या क्रमांकावर किंवा जुन्या मेलवर कोड पाठवण्याचा पर्याय देऊ शकते. हाच तो काळ, ज्यात जुनी वहिवाट अजून मोजली जाते. ‘उद्या बघू’ म्हणत आठवडा घालवणाऱ्याचा सर्वांत सोपा मार्ग बंद होतो. प्रश्न विचारले जातील, तेव्हा ते टाळून पुढे जाऊ नये. आठवत असलेला शेवटचा पासवर्ड लिहावा; अंदाज चुकला म्हणून प्रक्रिया तिथेच संपत नाही, असे गूगलचेच म्हणणे आहे. पण चार जणांनी चार गावांतून एकाच वेळी प्रयत्न करणे मात्र घातक. एकाच माणसाने, एकाच फोनवरून, शांतपणे करावे.

खाते हातात आल्यावर चॅनेलचा मालक तपासायचा. इथे दुसरे 7 दिवस कामी येतात, आणि हेही मालकाच्या बाजूचे आहेत. चॅनेल ब्रँड खात्यावर असेल, तर त्याचे एकापेक्षा अधिक मालक असू शकतात आणि त्यातला एक मुख्य मालक असतो. आत शिरलेला चोर स्वतःला मालक म्हणून जोडतो. पण नव्याने जोडलेल्या माणसाला मुख्य मालक होण्यासाठी 7 दिवस थांबावे लागते. तोवर मूळ मुख्य मालक त्याला काढून टाकू शकतो. मुदत उलटली की चोर मुख्य मालक होऊन मूळ माणसालाच बाहेर काढू शकतो. म्हणून खाते परत मिळाल्याच्या आनंदात झोपी न जाता, त्याच बैठकीत यूट्यूब स्टुडिओतली परवानग्यांची यादी आणि ब्रँड खात्याची मालकांची यादी उघडावी आणि अनोळखी प्रत्येक नाव काढावे.

यानंतरच चॅनेलच्या दिसण्याकडे वळायचे. चोराच्या व्हिडिओंचे पत्ते आणि स्क्रीनशॉट वेळेसकट जपावेत, मग ते व्हिडिओ काढावेत, थेट प्रक्षेपण थांबवून त्याची किल्ली बदलावी. खाजगी केलेले जुने व्हिडिओ पुन्हा सार्वजनिक करावेत; पुष्कळदा ते पुसलेले नसतात, फक्त लपवलेले असतात. नाव एकदाच, नीट विचार करून पूर्ववत करावे. यूट्यूब 14 दिवसांत दोनदाच नाव बदलू देते आणि त्यातली एक संधी चोराने आधीच वापरलेली असते. हँडल बदलले असेल, तर जुने हँडल 14 दिवस राखून ठेवले जाते. त्या आत ते परत घ्यावे. आणि दरम्यान गावच्या व मंडळाच्या सगळ्या गटांत एक स्पष्ट निरोप जावा, की चॅनेलवर दिसणारे पैसे दुप्पट करण्याचे आवाहन आमचे नाही. आपल्या नावावर विसंबून कुणाचे पैसे बुडाले, तर ते नुकसान चॅनेल परत मिळूनही भरून येत नाही.

कागद कुठे उपयोगी पडतो

वहिवाट हा मुख्य पुरावा असला, तरी कागदाला काहीच किंमत नाही, असे नाही. खाते परत मिळाल्यानंतर यूट्यूबच्या सहाय्यकांशी बोलताना, अपिलात आणि पोलिसांकडे तो लागतो. त्यात सर्वांत वरचे स्थान चॅनेल आयडीचे. तो `UC` या दोन अक्षरांनी सुरू होणारा 24 अक्षरी क्रमांक आहे आणि `youtube.com/account_advanced` या पानावर दिसतो. नाव बदला, हँडल बदला, चित्र बदला. तो बदलत नाही. ‘आमचे चॅनेल आता टेस्ला नावाने दिसते’ असे सांगणाऱ्यापेक्षा हा क्रमांक सांगणाऱ्याची तक्रार कितीतरी लवकर समजते. त्याखालोखाल येतो अ‍ॅडसेन्सचा `pub-` ने सुरू होणारा क्रमांक आणि बँकेत जमा झालेल्या रकमांची नोंद, कारण पैसा कुणाच्या खात्यात जात होता, हा सहज न बनवता येणारा दुवा आहे. नंतर येतात ‘नव्या उपकरणावरून लॉगिन’ अशा सूचनांचे मेल. त्यांत तारीख आणि वेळ असते आणि ताबा कधी गेला, हे त्यांवरूनच ठरते. कॅमेऱ्यातल्या मूळ फाइली लेखकत्व दाखवतात, खात्यावरचा हक्क नाही. त्यांचा उपयोग पुढे कुणी तेच व्हिडिओ दुसरीकडे टाकले, तर कॉपीराइटच्या तक्रारीत होतो.

चॅनेल बंद झाले असेल, तर हा भेद आणखी महत्त्वाचा ठरतो. पुष्कळ जण बंदची सूचना दिसताच रागाने अपील करून मोकळे होतात आणि त्या वेळी खाते अजून चोराच्या हातात असते. अपिलात मुद्दा मांडायचा असतो तो असा, की नियमभंग झाला तेव्हा ताबा आमच्याकडे नव्हता आणि आता आहे. दुसरा अर्धा खरा होण्याआधी पहिल्याला वजन येत नाही. म्हणून आधी गूगल खाते, मग सत्रे आणि मालकांची यादी, मग अपील. अपील लांब नको. चॅनेल आयडी, ताबा गेल्याची वेळ आणि तिचा पुरावा, ताबा परत मिळाल्याची वेळ, मधल्या काळातले कोणते व्हिडिओ आपले नाहीत, आणि खाते सुरक्षित करण्यासाठी काय केले, एवढेच साध्या वाक्यांत लिहावे. बंद झाल्यापासून वर्षभरात अपील करता येते. त्यामुळे दोन दिवस थांबून नेमके अपील करणे शहाणपणाचे. पहिल्या तासाची घाई खात्यासाठी आहे, अपिलासाठी नाही. मधल्या काळात त्याच माणसाने दुसरे चॅनेल काढून तेच सुरू करणे टाळावे. बंद झालेल्या चॅनेलच्या मालकाने नवे चॅनेल काढणे हाच यूट्यूबच्या नियमांत वेगळा भंग आहे आणि त्याने खरे गाऱ्हाणे कमकुवत होते. कॉपीराइटच्या तीन स्ट्राइकमुळे किंवा सरकारी आदेशाने चॅनेल थांबले असेल, तर वाट वेगळी: पहिल्यात प्रतिसूचना, दुसऱ्यात न्यायालय. बंदच्या सूचनेत लिहिलेले कारण नीट वाचल्याशिवाय एकही अर्ज भरू नये.

आक्षेप आणि त्यांची उत्तरे

पहिला आक्षेप असा, की संसद आणि न्यायालय यांना यूट्यूब उठून मदत करते. गावच्या मंडळाला कोण विचारतो? यात तथ्य आहे. माणसाशी थेट बोलता येणारी निर्माता-सहाय्याची सोय भागीदार कार्यक्रमातल्या चॅनेलांसाठी आहे आणि त्या कार्यक्रमाच्या अगदी खालच्या पायरीलाही 500 सदस्य आणि पाहण्याचे ठरावीक तास लागतात. त्याखालच्यांना यूट्यूबच्या सहाय्य पानांवर किंवा एक्सवरील `@TeamYouTube` या खात्याला जाहीरपणे लिहून मदत मागावी लागते. तिथे लिहिताच ‘मी तुमचे चॅनेल परत मिळवून देतो’ म्हणणारे खोटे दलाल जमतात, हाही धोका आहे. पासवर्ड, कोड किंवा आगाऊ रक्कम मागणारा प्रत्येक जण दुसरा चोर समजावा. पण या असमानतेचा अर्थ नीट लावला पाहिजे. खाते परत मिळवण्याची यंत्रणा लहानमोठा पाहत नाही, ती खुणा पाहते. ज्याला आत ओळख नाही, त्याची सगळी भिस्त खुणांवर असते. म्हणून क्रम पाळण्याची गरज मोठ्यांपेक्षा लहानांना जास्त आहे.

दुसरा आक्षेप, की आधी पोलिसांत जावे. बाकी सगळे तांत्रिक आहे. पोलिसांत जावेच. ओळखीची चोरी आणि संगणकाद्वारे तोतयेगिरी हे माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम 66सी आणि 66डी खालचे गुन्हे आहेत. `cybercrime.gov.in` वर तक्रार नोंदवता येते. पैसे गेले असतील, तर 1930 या क्रमांकावर लगेच फोन करावा. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 मुळे हद्दीचे कारण सांगून ठाणे तक्रार नाकारू शकत नाही. राजापूरच्या ठाण्यातही ती देता येते. पण पोलिसांच्या हातात गूगलच्या खात्याची किल्ली नाही. तक्रारीचा उपयोग वेगळा आहे: आपल्या नावाने कुणी फसवले गेले, तर त्या वेळी ताबा आपल्याकडे नव्हता, याची तारखेसह सरकारी नोंद राहते. म्हणून एकाने फोनवर खाते सोडवावे, दुसऱ्याने त्याच वेळी तक्रार करावी. यूट्यूबने दाद दिली नाही, तर माहिती तंत्रज्ञान नियम 2021 प्रमाणे कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे जाता येते आणि त्याच्या निर्णयानंतर 30 दिवसांत केंद्र सरकारच्या तक्रार अपील समितीकडे `gac.gov.in` वरून दाद मागता येते. ही वाट धीमी आहे, पण लहान चॅनेललाही खुली आहे.

तिसरा आक्षेप सर्वांत कठीण आहे. वहिवाटीलाच पुरावा मानले, तर ज्याच्या फोनवर खाते आहे, तोच मालक ठरतो. मग मंडळाचे काय? हा आक्षेप बरोबर आहे, आणि गावोगाव होणाऱ्या भांडणांचे मूळही तेच आहे. चित्रण करणारा तरुण रुसून निघून गेला, तर खाते त्याच्या मोबाइल क्रमांकावर, त्याच्या फोनवर असते आणि गूगलच्या दृष्टीने तोच मालक असतो. मंडळाच्या ठरावाची प्रत पाठवली, तरी गूगल हा वाद सोडवत नाही. तो आपसांत किंवा न्यायालयात सुटतो. या त्रुटीवर उपाय आधीच करून ठेवायचा असतो. चॅनेल मंडळाच्या वेगळ्या गूगल खात्यावर असावे. त्याचा रिकव्हरी क्रमांक पदाधिकाऱ्याचा असावा, बॅकअप कोड छापून मंडळाच्या दप्तरात असावेत. चित्रण करणाऱ्याला पासवर्ड न देता स्टुडिओतून ‘एडिटर’ची परवानगी द्यावी. त्याचा संगणक बाधित झाला, तरी चोराच्या हाती एडिटरइतकेच अधिकार लागतात, मालकी लागत नाही. आणि खाते दोन वेगळ्या माणसांच्या फोनवर, दोन्ही राजापुरातच, नियमित उघडे असावे.

यावरून निष्कर्ष सरळ आहे. चोरीनंतरचे काम चोरीच्या रात्री शिकता येत नाही, कारण ज्या खुणांवर खाते परत मिळते, त्या आधीच्या महिन्यांत तयार झालेल्या असतात. चॅनेल आयडी, अ‍ॅडसेन्स क्रमांक, रिकव्हरी क्रमांक कोणाचा, खाते कोणत्या फोनवर उघडे आहे आणि बॅकअप कोड कुठे ठेवले आहेत, या पाच गोष्टी एका कागदावर लिहून अध्यक्ष आणि सचिव या दोघांकडे ठेवणे हे अर्ध्या तासाचे काम आहे. ते झालेले असेल, तर पहिल्या तासात कुणी काय करायचे, याचा वाद होत नाही आणि 7 दिवसांची मुदत हातात राहते. ते झालेले नसेल, तर तोच पहिला तास खाते कुणाच्या नंबरवर काढले होते, हे शोधण्यात जातो, आणि त्या तासात चोर मोकळा असतो.